हळदीला उघडं बसायचंय : छाती-पोटाचे केस बारीक करू की साफ काढू?

शिरोलीकर
मंडळी, अक्षय्य तृतीया झाल्यावर माझं लग्न आहे. आमच्याकडे हळदीला नवरदेव उघड्या अंगानं पाटावर बसतो आणि आख्खी भावकी मोबाईल घेऊन समोर उभी असते. माझ्या छातीवर मधोमध दाट, कुरळे केस आहेत. तिथून पोटावर एक पट्टा उतरतो आणि बेंबीभोवती पसरतो. खांद्यावर तुरळक.

मावसभाऊ म्हणतोय सगळं वॅक्स कर. मित्र म्हणतोय ट्रिमर फिरव, झालं. मी शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत आहे, शिफ्टभर घामानं शर्ट अंगाला चिकटलेला असतो. दाढी घोटून केली की मानेवर बारीक पुळ्या उठतात, हेही सांगून ठेवतो. हळदीला तीनेक आठवडे आहेत. काय करावं आणि कधी करावं?

नादखुळा_भाऊ
लग्न एकदाच हाय मर्दा. आदल्या रात्री वस्तरा मार, अंग चकाचक. फोटोत छाती कशी उठून दिसंल बघ.

तात्या_उचगाव
यावर उत्तम घरगुती उपाय आहे. डाळीच्या पिठाची गोळी करायची, तिला साय आणि हळद लावायची आणि अंघोळीआधी हळूहळू अंगावर फिरवायची. आमच्या नातवाच्या पाठीवरची आणि कपाळावरची लव महिन्याभरात गेली. सूनबाईंना सांगा, त्या करतील. बाळ किती महिन्यांचं आहे?

शिरोलीकर
तात्या, बाळ एकोणतीस वर्षांचं आहे. 🙏

राजारामपुरी_राणी
😂 तात्या, नातवाची लव तशीही आपोआप गळते, गोळीला उगाच श्रेय मिळतं.

शिरोलीकर, एक विचारू? होणाऱ्या बायकोला विचारलंस का? मावसभाऊ, मित्र, सगळ्यांची मतं घेऊन झाली. पुढे रोज बघायचंय तिला.

शिरोलीकर
विचारलं. म्हणाली, "जंगल नको, पण प्लॅस्टिकचा बाहुलाही नको." म्हणून तर धागा काढला.

कात्रीवाले_मामा
मी शिवाजी पेठेत सलून चालवतो. लग्नसराईत हा प्रश्न खुर्चीत बसलेला दर दुसरा नवरदेव विचारतो. हल्ली विचारतात तरी, पूर्वी लाजायचे.

लोक पहिल्या दिवशी कसं दिसेल एवढंच बघून ठरवतात. पहिल्या दिवशी सगळंच चांगलं दिसतं. खरी गंमत केस परत यायला लागले की सुरू होते. वस्तऱ्यानं काढलं तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खुंट वर येतात, शर्टाला अडकतात, घाम आला की खाज सुटते. तुमची हळद संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी लग्न, मग पूजा, मग जोतिबाला आणि अंबाबाईला जोडीनं जायचं. म्हणजे खाज नेमकी कधी येणार, हिशेब करा. नादखुळा भाऊंनी सांगितलेली आदली रात्र त्यामुळं बाद.

दुसरी गोष्ट तुम्हीच लिहिली आहे. मानेवर पुळ्या उठतात. कुरळा केस कातडीच्या अगदी लगत कापला की त्याचं टोक वळून परत आत घुसतं आणि तिथं लाल फोड येतो. मानेचा केस असं करतो, तर छातीचा कुरळा केसही करण्याची शक्यता बरीच. त्यात फाउंड्रीतला घाम आणि धूळ. तुम्ही माझ्या खुर्चीत असता तर मी वस्तरा हातात घेतलाच नसता.

ट्रिमरनं केस कातडीच्या वरच कापला जातो. आत घुसायला टोक उरत नाही, म्हणून हा त्रास जवळजवळ होत नाही.

पन्हाळा_रायडर
मामांचं बरोबर, पण मुख्य कारण राहिलं. वस्तरा एकदा लावला की केस दुप्पट दाट येतात. ऊस तोडल्यावर खोडव्याला फुटवे जास्त येतात, तसंच. माझं कॉलेजात छातीवर काही नव्हतं, दोन-तीनदा दाढीचा ब्लेड फिरवला आणि आता बघा, अस्वल.

कात्रीवाले_मामा
रायडर, उसाला जमिनीखाली डोळे असतात, एकाचे चार कोंब येतात. केसाच्या एका मुळातून वस्तऱ्यामुळं जादा केस फुटत नाहीत. न कापलेल्या केसाचं टोक निमुळतं असतं. कापलं की ते बोथट होतं, म्हणून हाताला राठ लागतं आणि डोळ्याला जाड दिसतं. कॉलेजात नव्हतं आणि आता आहे, ते वयामुळं. छातीचे केस तिशीपर्यंत, कुणाकुणाचे त्याही पुढे वाढत जातात.

पन्हाळा_रायडर
असेल. माझा अनुभव मी सांगितला.

गंगावेसचा_जुना
तालमीत आयुष्य गेलं आमचं. लाल मातीत लोळायचं, मातीत ताक, तेल, हळद, लिंबू. अंगावर केस कुणी ठेवायचं, कुणी काढायचं, वस्ताद त्यावर बोलत नसत. पण ताज्या वस्तऱ्यावर जो आखाड्यात उतरला त्याला हमखास केसतूड. एक पोरगं पोटावरच्या केसतुडानं पंधरा दिवस घरी बसलेलं मला आठवतं. बाकी छातीला केस हाय तो गडी, आमच्या वेळी असंच म्हणत.

सिस्टर_अनघा
मी ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स आहे. वर दोघांनी वस्तऱ्याबद्दल लिहिलंय, त्याला दुजोरा देते.

पूर्वी ऑपरेशनच्या आदल्या रात्री पेशंटची छाती-पोट वस्तऱ्यानं साफ करायची पद्धत होती. त्यात डोळ्याला न दिसणारे ओरखडे उठतात, रात्रभरात तिथं जंतू वाढतात आणि जखम चिघळायचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या सूचनांत स्पष्ट आहे की केस शक्यतो काढूच नयेत, आणि काढावे लागलेच तर क्लिपरनं काढावेत, वस्तऱ्यानं नाही. तुमची हळद म्हणजे ऑपरेशन नाही, हे कळतं मला. पण त्या ओरखड्यांवर हळद-तेलाचं लेपण आणि वीस जणांचे हात फिरणार आहेत. चरचरेल, आणि नंतर पुळ्या येऊ शकतात.

अजून एक. छाती, पोट किंवा जांघेत कुठं गोल, कडेला लालसर, खाजणारा चट्टा असेल तर आधी तो डॉक्टरांना दाखवा. नायटा असताना ट्रिमर फिरवला की तो पसरू शकतो. जांघेत वापरलेला ट्रिमर तसाच छातीला लावू नका.

नादखुळा_भाऊ
पुळ्या आल्या तर मेडिकलमधनं ती ट्यूब आणायची की. दोन दिवसांत साफ. आमच्या गल्लीत सगळे तीच वापरतात.

सिस्टर_अनघा
भाऊ, त्या ट्यूबांमध्ये बहुतेक वेळा स्टिरॉइड असतं. लाली आणि खाज दोन दिवसांत जाते हे खरं आहे, म्हणून तर गल्लीभर खपते. पण खाली नायटा असेल तर तो दबून राहतो, पसरतो आणि मग महिनोन्‌महिने बरा होत नाही. डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय लावू नका.

मोतीबाग_मिलिंद
साफ काढण्याच्या बाजूनं कुणीच बोलत नाही, म्हणून मी बोलतो. मी शरीरसौष्ठव स्पर्धा खेळतो. आम्हाला साफ काढावंच लागतं. स्टेजवर अंगाला रंग लावतात, केस असले की तो ठिपके-ठिपके बसतो आणि पोटाच्या रेषा दिसत नाहीत. माझे केस सरळ आणि विरळ आहेत, मला वॅक्सचा काही त्रास नाही. दीड-दोन दिवस लाली राहते, मग तीनेक आठवडे निवांत. परत येताना केस मऊ येतात, वस्तऱ्यासारखे टोचत नाहीत.

वॅक्सला केस तांदळाच्या दाण्याएवढा तरी लांब लागतो, साधारण पाच-सहा मिलिमीटर. त्यापेक्षा आखूड असेल तर पकड बसत नाही, आणि फार लांब असेल तर ओढताना जीव जातो. म्हणून आधी ट्रिम, मग वॅक्स. शिरोलीकरला करायचंच असेल तर हळदीच्या चार-पाच दिवस आधी करावं, आदल्या दिवशी नाही.

कात्रीवाले_मामा
मिलिंदचं त्याच्या अंगापुरतं सोळा आणे खरं आहे. सरळ, विरळ केस आणि मोकळी कातडी असेल तर साफ काढायला माझी हरकत नाही. उलट चार-सहा केस इथं-तिथं असतील तर ट्रिम केलं तरी विस्कटलेलंच दिसतं, त्यापेक्षा काढलेले बरे.

पण दाट आणि कुरळ्या केसांना वॅक्समध्येही तीच भानगड. केस मुळासकट निघतोच असं नाही, काही आतच तुटतात. नवा केस वर येताना बारीक असतो, कातडी फोडून बाहेर न येता आतच वळतो. हे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात दिसायला लागतं, म्हणजे लग्नाचं सगळं उरकल्यावर. तेव्हा कोण मला येऊन सांगतं?

मुरमांसाठी जोरदार गोळ्या-क्रीम चालू असतील त्यांनी वॅक्सचं नावच काढू नये, कातडी सोलून निघते.

शिरोलीकर
गोळ्या नाहीत. पण मामा, मला कसं कळणार माझी छाती मिलिंदसारखी की माझ्या मानेसारखी?

कात्रीवाले_मामा
करून बघायचं, पण छातीवर नाही. पोटाच्या एका बाजूला, पँटच्या वर चार बोटं रुंदीचा तुकडा घ्या. तिथं आज साफ करा, ज्या पद्धतीनं करायचं मनात आहे त्याच पद्धतीनं. मग दोन आठवडे हात लावू नका, शिफ्ट नेहमीसारखी करा. खुंट येऊन खाज सुटून गेली आणि कातडी सपाट राहिली तर तुमची कातडी सोसते. केसाच्या तोंडाशी लाल दाणे आले, दाबलं की दुखतंय, आत काळा केस वळलेला दिसतोय, तर विषय संपला. तीन आठवडे हातात आहेत, तेवढ्यासाठी पुरेसे आहेत.

केस काढायचं क्रीम वापरणार असाल तर त्याच तुकड्यावर तेही तपासा. पाकिटावर लिहिलेल्या वेळेपेक्षा एक मिनिट जास्त ठेवू नका, आणि निप्पलवर तर मुळीच नको. भाजतं.

राजारामपुरी_राणी
मामा, अजून एक गोष्ट जोडा. साफ केलेली छाती आणि दोन्ही हात मात्र केसाळ, हे फार विचित्र दिसतं. माझ्या दिराच्या हळदीत पाहिलंय. मनगटापासून खांद्यापर्यंत काळंभोर आणि पुढे एकदम गुळगुळीत. फोटोत ते बनियन घातल्यासारखं दिसत होतं.

कात्रीवाले_मामा
बरोबर मुद्दा. साफ काढायला घेतलं की थांबायचं कुठं, हा प्रश्न येतोच. छाती काढली की खांदा खटकतो, खांदा काढला की दंड, खाली पोट काढलं की मांड्या. ट्रिममध्ये ही कड लपवता येते.

लेझरवाला_लक्ष्मण
एवढी कटकट कशाला, लेझर करून टाका. मी केलंय, कायमचं काम.

सिस्टर_अनघा
तीन आठवड्यांत नाही होणार. साधारण सहा ते आठ सिटिंग लागतात आणि प्रत्येकात महिना-दीड महिन्याचं अंतर ठेवतात. शिवाय "कायमचं" म्हणजे केस बरेच कमी आणि बारीक होतात, सगळे जातील याची खात्री नसते. आपल्या सावळ्या रंगाला यंत्र आणि त्याची ताकद नीट निवडली नाही तर काळे डाग पडतात, म्हणून ते त्वचारोगतज्ज्ञांकडेच करावं. आणि लक्ष्मण, चाळिशीत पुन्हा केस हवेसे वाटले तर?

लेझरवाला_लक्ष्मण
नाही वाटणार. 😄 पण खरं सांगायचं तर खांद्याकडे परत आलेत थोडे. वर्षातून एकदा जातो.

शिरोलीकर
ठरतंय हळूहळू. मामा, ट्रिम करायचं तर घरी कसं करू? माझ्याकडे दाढीचा ट्रिमर आहे, त्याला कंगवे आहेत. मागे एकदा विनाकंगवा पोटावर फिरवला तर वाफे पाडल्यासारखं दिसलं.

कात्रीवाले_मामा
विनाकंगवा फिरवलं म्हणजे अर्धा मिलिमीटर राहतो, तो खुंटच. वस्तऱ्याची निम्मी खाज त्यातही आहे. ते करायचं नाही.

अंग कोरडं हवं, तेल-पावडर काही नको. ओले केस चिकटून बसतात, अंदाज येत नाही आणि वाळल्यावर आखूड दिसतात. आधी साधा कंगवा फिरवून केस मोकळे करा. मग ट्रिमरचा सगळ्यात मोठा कंगवा, म्हणजे गार्ड, लावून सुरुवात करायची, बारा मिलिमीटर असेल तर बारा. एकदा सगळीकडून फिरवा आणि आरशापासून चार पावलं मागं जाऊन बघा. हळदीला लोक तेवढ्या अंतरावरूनच बघणार आहेत.

मग छातीला नऊ. केस ज्या बाजूला झोपतात त्या बाजूनं फिरवलं तर थोडे लांब राहतात, उलट फिरवलं तर आखूड होतात. छातीवर केस एका दिशेनं नसतात. काही आत वळतात, काही वर, काही खाली. तुमचे वाफे त्यामुळंच पडले. एकाच दिशेनं ओढत गेलात, काही केस कापले गेले आणि काही नुसते दबून सुटले. वरून खाली, खालून वर, दोन्ही बाजूंनी आत, असा हात फिरवायचा, दाब न देता.

नऊवर केसांतून कातडी थोडी दिसली पाहिजे. नुसतं काळंच दिसत असेल तर सहावर या. त्याच्या खाली दाट केसाला जाऊ नका.

पोटाला सहा. पोटावर केस छातीएवढेच लांब ठेवले तर पोट पुढं आल्यासारखं वाटतं. उभं राहून करा, बसून नको, वळ्या पडतात. बेंबीजवळ दोन बोटांनी कातडी ताणून धरा. बेंबीच्या आत ट्रिमर घालायचा नाही. निप्पलवर एक बोट ठेवून बाजूनं जा. उंच तीळ असेल तर त्याला वळसा.

आता कडा. गळ्याखाली, जिथं छातीचे केस मानेकडे चढतात, तिथं सरळ रेघ मारू नका. कॉलरसारखी कापलेली दिसते. तीनचा गार्ड लावून वरच्या दोन बोटं पट्ट्यात हलकेच वर उचलत न्या, म्हणजे विरत गेल्यासारखं दिसेल. खाली धोतराच्या किंवा पँटच्या रेषेवर थांबू नका, ती खाली सरकली की पायरी दिसते. दोन बोटं आत उतरून सोडा.

मोतीबाग_मिलिंद
मामा, छाती-पोट वेगवेगळ्या मापाला माझा विरोध. फोटोत पट्टे दिसतात. मी ऑफ सीझनला सगळीकडे सहा ठेवतो, एकसारखं.

कात्रीवाले_मामा
तुमचं पोट सपाट आहे हो.

मोतीबाग_मिलिंद
ते आहेच, पण मुद्दा तो नाही. बरगड्यांजवळ नऊ आणि सहा जिथं भेटतात तिथं काय करणार?

कात्रीवाले_मामा
तिथं हात उचलत न्यायचा, डोक्याचे केस बाजूनं कमी करतो तसं. पण मान्य आहे, स्वतःच्या अंगावर आरशात उलटं बघत हे सगळ्यांना जमत नाही. नाही जमलं तर सगळीकडे सहा हा वाईट पर्याय नाही.

गंगावेसचा_जुना
एवढी मापं पैलवानाच्या खुराकाला पण लागत न्हाईत.

तात्या_उचगाव
मला वाटलं नातवाचं विचारतायत. असो. पण हळद निघताना केसांत गोळे होऊन बसते आणि दोन दिवस पिवळं राहतं हे खरं. माझ्या लग्नात झालेलं.

शिरोलीकर
सगळ्यांना धन्यवाद. पोटाच्या बाजूला चार बोटांचा तुकडा वस्तऱ्यानं करून बघितला होता. खाज सुटली, मग पट्टा लागतो त्या कडेला पाच-सहा लाल दाणे आले. एकात वळलेला केस स्पष्ट दिसतोय. त्यामुळे साफ काढणं रद्द.

काल ट्रिम केलं. बारा, मग नऊ. छातीवर नऊ पुरले, सहाची गरज वाटली नाही. पोटाला सहा. मिलिंद म्हणतो तो जोड बरगडीजवळ डावीकडे थोडा दिसतोय, उजवीकडे छान जमलाय. शिफ्टला फरक लगेच कळला. घाम तेवढाच येतो, पण पंख्याखाली उभं राहिलं की छाती पटकन सुकते, आधी शर्टाखाली चिकट राहायची. बायकोला (होणाऱ्या) फोटो पाठवला, "चालेल" आलं.

दोन प्रश्न. त्या दाण्यांचं काय करू? आणि हळदीआधी परत कधी ट्रिम करू?

सिस्टर_अनघा
दाणे फोडू नका, सुईनं केस उकरू नका. दिवसातून दोन-तीनदा कोमट पाण्याचा फडका दहा मिनिटं ठेवा, पट्टा थोडा सैल. बहुतेक आपोआप बसतील. पू झाला, लाली पसरली किंवा ताप आला तर डॉक्टर.

कात्रीवाले_मामा
हळदीच्या दोन दिवस आधी. त्याच दिवशी केलं तर कापलेली टोकं ताजी असतात, जरा टोचतात, आणि चुकून कुठं जास्त उडालं तर सावरायला वेळ नसतो. नंतर तीन-एक आठवड्यांनी एकदा फिरवत राहिलात की बास.

डावीकडचा जोड बिघडवू नका. माझ्याकडे या, दाढीसोबत काढून देतो. खांद्यावरचे तुरळक केस तेवढे मी चिमट्यानं घेईन, ते ट्रिम करण्यात अर्थ नाही.

मोतीबाग_मिलिंद
सगळीकडे सहा केलं असतंस तर जोडच नसता. 🙂

नादखुळा_भाऊ
मी अजून म्हणतोय, वस्तरा.